पगारी अनुभव दोन महिन्यांचा, बाकी सगळं मंडळ आणि एनएसएस. रेझ्युमेत किती धरायचं?

कृष्णाकाठ | ५ जुलै २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बीकॉम, २०२४ पासआउट, कऱ्हाडचा. पुण्याकडे किंवा शिरवळ भागात अकाउंट्स असिस्टंटची नोकरी शोधतोय. टॅली येतं, एक्सेल बऱ्यापैकी येतं. पगारी अनुभव म्हणाल तर गेल्या दिवाळीच्या सीझनला कुरिअरच्या ऑफिसात दोन महिने बसलो, ऑक्टोबर-नोव्हेंबर, महिना नऊ हजार. बस.

बाकी जे आहे ते असं. एनएसएस दोन वर्षं, सर्टिफिकेट आहे. कॉलेजच्या कॉमर्स असोसिएशनचा सचिव, एक वर्ष. आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाचा खजिनदार, २०२२ पासून. आणि मंडळाच्या वर्गणीसाठी मी स्वतः बनवलेली एक्सेल फाईल, ती मित्र म्हणाला म्हणून ‘पर्सनल प्रोजेक्ट’ म्हणून टाकली.

त्याच मित्राच्या सल्ल्याने सगळं ‘एक्सपीरियन्स’ या मथळ्याखाली घातलं आणि मंडळापुढे ‘फायनान्स हेड’ लिहिलं. परवा एका कंपनीतून फोन आला. बाई म्हणाल्या, "तीन वर्षांचा अनुभव दिसतोय, पीएफचा यूएएन नंबर सांगा." मी म्हटलं, मॅडम ते मंडळ आहे. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग "बरं, कळवतो." कळवलं नाही, हे सांगायला नको.

आता सगळं काढून टाकलं तर पान अर्धं रिकामं राहतं. ठेवलं तर थाप मारल्यासारखं वाटतं. पगार न मिळालेल्या कामाला नेमकं किती वजन द्यायचं?

---

पाचवामजला | ५ जुलै, रात्री ११:०५

भावा, अजिबात काढू नकोस. आजकाल सगळे स्किल बघतात, पगार मिळाला का कोण विचारतं? मी २०१६ ला लागलो तेव्हा माझ्याकडेही शून्य अनुभव होता. स्वतः केलेलं एक प्रोजेक्ट होतं, गिटहबवर टाकलेलं. इंटरव्ह्यूत चाळीस मिनिटं फक्त त्यावर बोललो आणि काम झालं. तू ती एक्सेल फाईल सगळ्यात वर घे. फायनान्स हेड पण बरोबर आहे, खजिनदार म्हणजे दुसरं काय असतं?

---

रसवंती | ५ जुलै, रात्री ११:३०

एनएसएसचं सर्टिफिकेट बघून मला आता काहीच वाटत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा जणांकडे असतं. अर्ध्यांनी झाडासोबत फोटो काढलेला असतो, झाड पुढे जगलं का त्याचा पत्ता नसतो.

गिटहबचंही तेच झालंय, पाचवामजला. तुमचं २०१६ गेलं. आता सगळ्यांचं तेच हवामान दाखवणारं अॅप, तीच टू-डू लिस्ट. आत जाऊन बघितलं तर सगळे कमिट एकाच संध्याकाळी, सात ते साडेसात.

---

सहीशिक्का | ६ जुलै, सकाळी ८:१५

मी चार वर्षं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या कामात होतो, त्यामुळे त्या फोनवर पलीकडे काय झालं ते सांगू शकतो.

‘एम्प्लॉयमेंट’ किंवा ‘वर्क एक्सपीरियन्स’ खाली जे लिहाल ते आमच्यासाठी नोकरी. मग ऑफर लेटर, पगारपत्रक, रिलीव्हिंग लेटर मागितलं जातं, आणि पीएफ कापला असेल तर यूएएनवर कुठल्या मालकाने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते दिसतं. यातलं काहीच नसलं की तपासणाऱ्याच्या शेऱ्यात ‘मंडळ असल्याने पडताळता आलं नाही’ असं सहानुभूतीने कोणी लिहीत नाही. नुसतं ‘पडताळता आलं नाही’ लिहितात. वाचणाऱ्याला ते ‘खोटं’ असंच दिसतं.

म्हणून पहिली गोष्ट, मथळा वेगळा करा. ‘विनावेतन जबाबदाऱ्या’ किंवा तशा अर्थाचं काही. मजकूर तोच, पण आता तो दावा वेगळा झाला. आणि पद जे खरं होतं तेच लिहा. मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला तर ते "हो हो, आमचा खजिनदार" म्हणतील, "फायनान्स हेड कोण?" असंही विचारतील.

कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘एकूण अनुभव’ असा चौकोन असतो. तिथे दोन महिने. त्यात मंडळ मिळवू नका.

---

वहीखाते | ६ जुलै, दुपारी १:२०

भोसरीत एका मध्यम कारखान्याचं अकाउंट्स बघते. वर्षाला दोन-तीन नवीन मुलं घेते, म्हणून थोडं सविस्तर.

कृष्णाकाठ, तू ‘किती वर्षं’ ने मोजतोयस, तिथेच घोळ आहे. तास मोज. एनएसएसचं दोन वर्षांचं काम म्हणजे २४० तास, वर्षाला १२०. आठ तासांचा दिवस धरला तर तीस दिवस झाले. सात दिवसांचं शिबिर वेगळं. म्हणजे ‘दोन वर्षं’ हा शब्द मोठा दिसतो, काम महिन्याभराचं आहे. आता मंडळाचं कर. खरं सांग, किती तास जातात?

आणि दुसरं, जे मी रेझ्युमे वाचताना मनात विचारते: या माणसाने त्या आठवड्यात हे काम केलंच नसतं तर कोणाचं अडलं असतं? कॉमर्स असोसिएशनचा सचिव म्हणून तू काय केलंस?

---

कृष्णाकाठ | ६ जुलै, रात्री ९:५०

ताई, इतक्या तपशिलात लिहिल्याबद्दल आभार.

असोसिएशनचं खरं सांगायचं तर वर्षात दोन व्याख्यानं झाली. पाहुण्यांना स्टँडवरून आणणं, शाल-श्रीफळ, हारतुरे, आणि शेवटी आभार प्रदर्शन. मी नसतो तर सहसचिवाने आणलं असतं. 😀

मंडळाचे तास आज वहीवर मांडले. वर्गणी सुरू झाली की साधारण पाच आठवडे रोज दीड तास, म्हणजे ५२ च्या आसपास. गणपतीचे अकरा दिवस रोज पाच तास तरी, ५५. विसर्जनानंतर दोन आठवडे हिशोब, रोज दोन तास, २८. एकूण १३५. तीन वर्षांचे ४०५.

मग कुरिअरचं केलं. दोन महिने, महिन्याला २६ दिवस, आठ तास. ४१६ झाले. म्हणजे दोन्ही जवळपास सारखंच! हे मला अपेक्षित नव्हतं.

---

पाचवामजला | ६ जुलै, रात्री १०:१०

बघ, म्हणालो होतो. मग चार महिने अनुभव लिही सरळ.

---

सहीशिक्का | ६ जुलै, रात्री १०:१४

अहो नाही. 🙏 वर लिहिलंय ते वाचा.

---

टोरांटोकर | ७ जुलै, पहाटे ४:३०

इथला संदर्भ देतो, थोडं अवांतर होईल. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत एक वर्षाचा अनुभव म्हणजे १,५६० तास, आठवड्याला तीसच्या हिशोबाने, आणि तो पगारी कामाचाच धरतात. स्वयंसेवा आणि बिनपगारी इंटर्नशिप त्यात शून्य. पण तोच माणूस इथे येऊन नोकरी शोधायला लागला की फूड बँकेत सहा महिने डबे भरले हे सांगण्यासारखं असतं, कारण तिथला सुपरवायझर फोन उचलतो आणि ‘वेळेवर यायचा’ असं सांगतो. एकाच कामाची एका खिडकीवर किंमत शून्य, दुसऱ्या खिडकीवर बरीच. त्यामुळे कृष्णाकाठ, अर्ज कुठल्या खिडकीवर करतोयस ते बघ.

---

मावळा_नव्हे | ७ जुलै, सकाळी ९:००

एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर सैन्यात स्पेशल एंट्री आहे, लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी. प्रयत्न करायला हरकत नाही.

---

कृष्णाकाठ | ७ जुलै, सकाळी ९:२०

माझं एनएसएस आहे सर, एनसीसी नाही.

---

मावळा_नव्हे | ७ जुलै, सकाळी ९:२१

ओह. मग चालू द्या.

---

वहीखाते | ७ जुलै, दुपारी २:०५

तास सारखे निघाले हे चांगलं झालं, पण म्हणून दोन्ही कामं सारखी ठरत नाहीत. कुरिअरच्या कामात तुला एक साहेब होता, वेळेवर यावं लागत होतं, नाही आलास तर पैसे कापले जात होते. ते दोन महिने मला सांगतात की हा मुलगा नोकरीच्या शिस्तीत बसतो. ते ठेव, दोन ओळी पुरेत.

मंडळाचं काम सांगू शकतं की तुला हिशोब जुळवता येतो का. पण ‘आर्थिक व्यवहार सांभाळले’ या वाक्यातून ते कळत नाही. खजिनदार म्हणजे नुसता पेटीची किल्ली सांभाळणाराही असतो. म्हणून आता प्रश्न विचारते, इंटरव्ह्यूत विचारते तसे. पावती पुस्तकं किती छापली? परत किती आली? यूपीआयचे पैसे कोणत्या खात्यात? आणि ते पावतीशी कसे जुळवलेस?

---

कृष्णाकाठ | ७ जुलै, रात्री ११:१५

मागच्या वर्षीचं सांगतो, २०२४.

बारा पुस्तकं छापली, प्रत्येकी ५० पावत्या, म्हणजे ६००. सगळी बाराच्या बारा परत आली (२०२२ ला एक पुस्तक हरवलं होतं, त्यानंतर पुस्तक देताना वहीत सही घ्यायला लागलो). ५७१ पावत्या फाडल्या, २९ कोऱ्या किंवा रद्द. रद्द केलेली पावती पुस्तकातच स्टेपल करून ठेवायची असा नियम केला. एकूण ३,८६,४०० रुपये. त्यात रोखीच्या २५३ पावत्या, यूपीआयच्या ३१८. क्यूआर मंडळाच्याच खात्याचा.

डोकेदुखी यूपीआयची. पावतीवर नाव वर्गणीदाराचं, आणि बँकेच्या स्टेटमेंटला नाव ज्याच्या खात्यातून गेले त्याचं. कोपऱ्यावरच्या काकांनी १,५०१ दिले, पैसे आले पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलीच्या खात्यातून, आडनाव सासरचं. २०२३ ला अशा चाळीस-एक नोंदी लटकल्या होत्या आणि मी घरोघरी फोन दाखवा म्हणत फिरलो. म्हणून २०२४ ला पोरांना सांगितलं, पैसे आले की समोरच्याच्या मोबाइलवर जो बारा आकडी व्यवहार क्रमांक दिसतो त्याचे शेवटचे सहा आकडे स्थळप्रतीवर लिहायचे. नंतर मी ते सहा आकडे स्टेटमेंटशी जुळवले. एकच स्क्रीनशॉट दोन पावत्यांना दाखवला गेला का, ते बघायला हे:

```
=IF(COUNTIF($D$2:$D$572,D2)>1,"दुबार","")
```

रोखीच्या ओळींत डी कॉलममध्ये पावती नंबर टाकला, नाहीतर रिकाम्या घरांनी गोंधळ होतो. तीन दुबार सापडल्या. दोन लिहिण्याच्या चुका होत्या, एक खरंच एकाच पैशांवर दोन पावत्या फाडलेल्या.

शेवटी रोखीत ३४० रुपये कमी आले. खूप शोधलं, नाही सापडले. समितीपुढे ‘फरक ३४०’ असं लिहूनच दिलं. अध्यक्ष म्हणाले, मी घालतो खिशातले. मी म्हटलं घाला, पण कागदावर फरक राहू दे.

---

रसवंती | ७ जुलै, रात्री ११:४०

ठीक आहे. हे एनएसएसच्या सर्टिफिकेटसारखं नाही. माझे शब्द मंडळापुरते मागे.

---

वहीखाते | ८ जुलै, दुपारी १२:३०

अरे, मग हे सगळं सोडून तू ‘फायनान्स हेड’ काय लिहीत होतास!

तू जे केलंस त्याला आमच्याकडे बँक रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि नवीन मुलाला ते शिकवायला मला तीन महिने जातात. नाव वेगळं, खातं दुसऱ्याचं, रक्कम बरोबर, ही आमची ग्राहकांच्या येण्याची रोजची गोष्ट आहे. अकाउंट्सच्या जागेसाठी मी हे कुरिअरच्या दोन महिन्यांच्या वर ठेवीन. पण गोदामाच्या किंवा विक्रीच्या जागेसाठी अर्ज करत असशील तर खाली, कारण तिथे त्या साहेबाला रोज वेळेवर येणारा माणूस आधी हवा असतो.

अशी ओळ लिही, इंग्रजी तूच कर:

"खजिनदार (विनावेतन), सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, कऱ्हाड. २०२२ पासून, दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर. २०२४: ५७१ पावत्या, ३.८६ लाख रुपये. यूपीआयच्या ३१८ नोंदी बँक स्टेटमेंटशी जुळवल्या. व्यवहार क्रमांक स्थळप्रतीवर लिहिण्याची पद्धत सुरू केली."

‘दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर’ हे शब्द विसरू नकोस. त्यांच्यामुळे वाचणाऱ्याला आधीच कळतं की हे वर्षभराचं काम नाही, म्हणजे तो फोनवर शांत होणार नाही. एक्सेल फाईल वेगळं प्रोजेक्ट म्हणून नको, ती याच कामाचं हत्यार आहे. एकच काम दोनदा मोजलं की वाचणाऱ्याला लगेच दिसतं. त्याऐवजी दात्यांची नावं झाकून दोन पानांची प्रिंट जवळ ठेव. आमच्या क्षेत्रात लिंक उघडून कोणी बघत नाही, कागद पुढे सरकवला तर बघतात.

३४० चं रेझ्युमेत नको, पण विचारलं तर लपवू नकोस.

अजून एक, कागद कुठे आहे? वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची परवानगी घेतली होती ना? आणि नंतरचा हिशोब कोणी सादर केला?

असोसिएशन काढ. एनएसएस एक ओळ, शिक्षणाच्या खाली.

---

कृष्णाकाठ | ८ जुलै, रात्री १०:००

परवानगी ऑनलाइन काढतो दरवर्षी, अर्ज मीच भरतो. हिशोबावर अध्यक्ष आणि माझी सही आहे, प्रत घरी आहे.

एनएसएस एका ओळीत म्हणजे जरा जीवावर येतंय ताई. शिबिरात सात दिवस शोषखड्डे खणले आहेत, हाताला फोड आले होते.

---

रसवंती | ८ जुलै, रात्री १०:२५

फोडांचं वजन अकाउंट्सला नाही हो. पण ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्थेत अर्ज केलात तर हीच ओळ वर आणा, आणि किती खड्डे, कुठल्या गावात, ते लिहा. अजून त्यात पाणी जिरतंय का, हे एकदा जाऊन बघून आलात तर मी टोपी काढेन.

---

अनामिका_७७ | ९ जुलै, सकाळी ११:१०

धागा वाचून राहवलं नाही. माझं थोडं वेगळं आहे. एमकॉम, लग्नाआधी तीन वर्षं नोकरी, मग मुलांमुळे अकरा वर्षं घरी. गेली चार वर्षं आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, ६४ फ्लॅट, ठाणे. मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, लिफ्टवाल्याचे चेक, टीडीएस, सगळं मीच बघते. रेझ्युमेत लिहिलं. इंटरव्ह्यूत समोरचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे हाउसवाइफच ना?"

---

वहीखाते | ९ जुलै, दुपारी १:४५

अनामिकाताई, त्या गृहस्थांना टीडीएस उशिरा भरला की काय होतं ते तुम्हीच सांगायला हवं होतं.

तुमचं काम मंडळापेक्षा भक्कम आहे, आणि कारण भावनेचं नाही, कागदाचं आहे. सोसायटीचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभेपुढे हिशोब ठेवावे लागतात. म्हणजे चार वर्षांचे चार ऑडिट रिपोर्ट आहेत, त्रयस्थ माणसाने तपासलेले. ऑडिटरने काढलेले दोष आणि तुम्ही पुढच्या वर्षी केलेली दुरुस्ती, ही जोडी सांगा. ‘थकबाकी आधी इतकी, आता इतकी’ हा आकडा असेल तर पहिल्या ओळीत.

---

अनामिका_७७ | ९ जुलै, दुपारी ३:३०

आकडा आहे. थकबाकी ४ लाख ८० हजार होती, मार्चअखेर ९० हजारांवर आणली. पण वहीखातेताई, स्पष्ट विचारते, तुम्ही स्वतः मला बोलावलं असतं का? की त्या अकरा वर्षांवर डोळा अडकला असता?

---

वहीखाते | ९ जुलै, सायंकाळी ६:१०

डोळा अडकला असता. खोटं कशाला बोलू. ऑडिटचा उल्लेख पहिल्या चार ओळींत असता तर बोलावलं असतं, पानाच्या तळाशी असता तर बहुतेक तिथपर्यंत पोचलेच नसते. आमच्या मालकांनी होकार दिला असता का, ते माझ्या हातात नाही.

---

पाचवामजला | ९ जुलै, रात्री ८:००

माझं मत बदललेलं नाही, पण तास मोजायची युक्ती आवडली. माझं ते २०१६ चं प्रोजेक्ट मोजलं तर ६० तासही भरणार नाहीत. 🙈 आणि कृष्णाकाठ, डिसेंबरपासून आत्तापर्यंत काय करतोयस? नोव्हेंबरनंतर रेझ्युमे कोरा दिसतोय.

---

कृष्णाकाठ | ९ जुलै, रात्री ९:३५

काही नाही, मामाचं हार्डवेअर-पेंटचं दुकान आहे, तिथे बसतो. घरचंच आहे, पगार नाही, म्हणून लिहिलं नाही. काउंटर, आणि जीएसटीची कामं. महिन्याची बिलं ५ तारखेपर्यंत काढून सीएकडे देतो, ११ च्या आत विक्रीचं विवरणपत्र, जीएसटीआर-१, जायला. मग १४ ला टू-बी, म्हणजे व्यापाऱ्यांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, आली की खरेदीची बिलं ताडून बघतो, २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं विवरणपत्र, भरायच्या आधी. एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याचं चाळीस हजारांच्या पेंटचं बिल टू-बीमध्ये दिसेना, १८ टक्क्यांनी ७,२०० चं क्रेडिट अडकलं. फोन केला तर त्यांनी आमचं बिल बीटूसीत, म्हणजे जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकांच्या विक्रीत, दाखवलं होतं. पुढच्या महिन्यात दुरुस्त करून घेतलं.

---

वहीखाते | ९ जुलै, रात्री ९:४८

सात महिने! आणि हे तू चार दिवसांनी, चौकशी केल्यावर सांगतोस!

कृष्णाकाठ, हे सगळ्यात वर. मंडळाच्याही वर. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुला हेच काम देणार आहे.

---

सहीशिक्का | ९ जुलै, रात्री १०:०५

सहमत, एका अटीवर. ‘कौटुंबिक व्यवसायात साहाय्य, विनावेतन’ असंच लिहा. मामांच्या लेटरहेडवर पगाराचं पत्र बनवायचा मोह होतो, फार जण करतात. पगार खात्यात आल्याची नोंद मागितली की उघडं पडतं. खरं पत्र चालेल: अमुक महिन्यापासून आमच्या दुकानात जीएसटीच्या नोंदींचं काम बघतो, मानधन नाही. सीएच्या ऑफिसातला जो माणूस तुमच्याशी फोनवर बोलतो, तो संदर्भ म्हणून चालला तर मामांपेक्षा बरा. नात्यातल्या माणसाचा शब्द आम्ही मोजत नव्हतो.

---

पाचवामजला | ९ जुलै, रात्री १०:३०

मंडळाचं नाव लिहावं का यावर कोणी बोललं नाही. काही मंडळांच्या नावावरून गल्ली कळते, पक्ष कळतो, कधी कधी जातही कळते. मी तर नुसतं ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ लिहीन.

---

रसवंती | ९ जुलै, रात्री १०:४४

नाव झाकलं तर पडताळायचं कसं? नाव लिहावं. ज्याला नावावरून नको असेल त्याच्याकडे नोकरी करून काय मिळणार?

---

अनामिका_७७ | ९ जुलै, रात्री ११:००

ज्याच्या घरी पगार येतोय त्याला असं म्हणणं सोपं असतं, रसवंती.

---

वहीखाते | १० जुलै, सकाळी १०:२०

नावाबद्दल मला नक्की सांगता येत नाही. माझ्या ओळीत मी नाव घातलं नव्हतं, पण ते सवयीने, विचार करून नव्हे. विचारल्यावर सांगता येतं, तेवढं पुरावं.

---

कृष्णाकाठ | १९ जुलै, रात्री ९:१५

अपडेट. नवीन रेझ्युमे केला, एक पान. वर मामाचं दुकान (विनावेतन लिहून), मग मंडळ, मग कुरिअर, शिक्षणाखाली एनएसएस. नाव नाही घातलं. सहा ठिकाणी पाठवला, दोन ठिकाणांहून फोन, काल शिरवळला एक इंटरव्ह्यू झाला.

मंडळावरच वीस मिनिटं गेली. प्रिंट पुढे केली. साहेबांनी दुबारवाला कॉलम बघितला आणि पहिलाच प्रश्न, "सगळं जुळलं?" मी म्हटलं, नाही, ३४० कमी होते. ते हसले आणि पुढे गेले. चांगलं की वाईट ते कळलं नाही. टू-बीवर मात्र एका ठिकाणी अडकलो: दुरुस्ती पुढच्या महिन्यात आली तर या महिन्याच्या थ्री-बीत क्रेडिट घ्यायचं का, असं विचारलं. मी ‘घ्यायचं’ म्हणालो. घरी येऊन सीएकडच्या दादाला विचारलं तर म्हणाला, टू-बीत दिसेल त्याच महिन्यात.

शेवटी साहेबांनी विचारलं, "यंदाही खजिनदार तूच का?" मी हो म्हटलं. "मग ऐन गणपतीत रजा मागशील." याला काय उत्तर द्यावं सुचेना, म्हणालो बघू. पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणालेत. खजिनदारपद सोडावं का आता?

---

पाचवामजला | १९ जुलै, रात्री ९:३०

सोड. नोकरी आधी.

---

रसवंती | १९ जुलै, रात्री ९:४१

ज्या कामाने बोलावणं आलं तेच सोडायचं? कमाल आहे.

---

वहीखाते | १९ जुलै, रात्री १०:०२

पद सोडायचं की नाही ते तू आणि मंडळ बघा. पण ‘बघू’ हे उत्तर नव्हे. यंदा गणपती २७ ऑगस्टला, विसर्जन ६ सप्टेंबरला, जीएसटीआर-१ ची तारीख ११. मधे पाच दिवस आहेत. पावती पुस्तकं आणि क्यूआरचं काम दुसऱ्याला शिकवून ठेव, आणि पुन्हा फोन आला तर या तारखा सांग.